दुसरीच्या वर्गाकडून तुमचं स्वागत

सर्वांना नमस्कार.

सरपंचताई, मुख्याध्यापक सर, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेले माझ्या वर्गातल्या लेकरांचे आई-बाबा, आजी-आजोबा, आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या स्नेहसंमेलनात तुमचं मनापासून स्वागत.

हरभऱ्याची सोंगणी सुरू आहे. ऊन चढलं की घाटे गळतात, म्हणून तुमच्यातले कितीतरी जण आज अंधारातच वावरात गेले होते. मुलांनीच सांगितलं मला. कुणी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आलंय. सकाळपासून प्रत्येक लेकरू एकच विचारत होतं, "मॅडम, माही माय येईन ना?" आत्ता ती सगळी पडद्याच्या फटीतून तुम्हाला शोधताहेत. जरा हात हलवा बरं त्यांच्याकडं!

आज २३ फेब्रुवारी, संत गाडगेबाबांची जयंती. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ सालचा. ते कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. दुसरीची मुलं आज तसंच कीर्तन करणार आहेत. प्रश्न आला की मोठ्यानं उत्तर द्या, आजी, तुम्हीसुद्धा. तुम्ही बोललात की मुलांना धीर येतो. गाडगेबाबांचा चिंध्यांचा अंगरखा एका आईनं दोन रात्री जागून शिवला. खराटे घरोघरचे आहेत. डोक्यावरचं गाडगं मात्र सरावात दोनदा फुटलं, हे तिसरं आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा वर्गात एक लेकरू असं होतं की नाव विचारलं तरी खाली बघायचं. दिवाळीपर्यंत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ते गाडगेबाबा होऊन झाडांना कीर्तन सांगताना दिसलं. आज त्याला दोन ओळी आहेत. ते कोण, हे मी सांगत नाही, कारण टाळ्या सगळ्यांना सारख्याच मिळायला हव्यात. कुणी वाक्य विसरलं, कुणी रडलं, तर घरी गेल्यावर त्याला बोलू नका. जवळ घ्या. फार मेहनत केलीय हो यांनी.

मोबाईलवर शूटिंग करायचं असेल तर बसूनच करा, मागं आजोबा मंडळी आहेत. कार्यक्रमानंतर मसालेभात आहे, कुणीही न जेवता जाऊ नका. आणि शेवटी मंडप झाडायला मुलांनी आपले खराटे आधीच बाजूला काढून ठेवलेत, त्यांच्या सोबतीला थोडं थांबा.

चला, आपले गाडगेबाबा तयार आहेत. पडदा उघडा रे!