लागलं की सांगा

चप्पल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली होती. निळ्या पट्ट्याची, उजव्या पायाची. आमच्या चाळीत तसली चप्पल फक्त आजीची. उचलून वर आणली तर दारात डावी चप्पल नीट भिंतीला लावून ठेवलेली आणि आजी मोरीत मेथी धूत उभी. एक मजला ती एका चप्पलेवर चढून आली होती.

"आजी, ही जिन्यात होती."

"सटकली असेल."

"आणि तुला कळलं नाही?"

"पिशवी जड होती गो," ती म्हणाली आणि नळ मोठा केला.

मी खाली बघितलं. दारापासून मोरीपर्यंत लादीवर लाल ठिपके होते, पावलागणिक एक.

तिला स्टुलावर बसवलं. टाचेत काचेचा तुकडा होता, करंगळीच्या नखाएवढा. मी तो काढताना तिनं पाय जरासुद्धा ओढला नाही. उलट वाकून मलाच विचारलं, "हे कधी झालं?"

मग एकेक गोष्ट आठवत गेली. भर मे महिन्यात पायात मोजे, आणि विचारलं तर म्हणे लादी गार लागते. रात्री दोन-दोन वाजता उठून बसणं, तर म्हणे डास चावतात. पायावर चादर टेकली तरी ती झटकून टाकायची. मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणं बंद केलं, गर्दी सोसत नाही म्हणून. मी शेजारच्याच गादीवर झोपते. हे सगळं मी रोज बघत होते, आणि वय झालं, एवढंच म्हणून सोडून देत होते.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. आता रात्री आग होते आणि दिवसा कापसावर चालल्यासारखं वाटतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती बराच वेळ ओल्या मेथीच्या काड्या निवडत राहिली. "तुझ्या आजोबांचं आधी बोट कापलं," ती म्हणाली. "मग चवडा. मग गुडघ्याखाली. दर वेळी सांगायचे, आता एवढंच. तू लहान होतीस, तुला नाय आठवायचं."

मला आठवत होतं. पलंगाच्या पायथ्याशी सपाट पडलेली चादर. पण मी ते बोलले नाही.

याच पायांनी तिनं घर चालवलं होतं. १९८२ च्या संपात आजोबांची गिरणी सुटली, तेव्हा आजी पहाटे चारला स्टोव्हपाशी उभी राहायची आणि चाळीतल्या एकट्या पुरुषांना डबे द्यायची. मजलेच्या मजले चढायची, दोन्ही हातांत डबे. ते पाय आता तिच्याशी बोलत नव्हते, आणि ती आमच्याशी.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग एक जाडसर नायलॉनचा दोरा काढला.

"आजी, डोळे मिटा. पायाला हे टेकवतो. लागलं की सांगा."

आजीनं डोळे मिटले. दोरा अंगठ्याला टेकून वाकला. आजी गप्प. चवड्याला टेकला. तरी गप्प. डॉक्टरांनी हात मागे घेतला, पायाला काहीच लागत नव्हतं, तेव्हा आजी घाईनं म्हणाली, "लागलं!" थोड्या वेळानं पुन्हा, "आता लागलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरला. हात थंडगार होता.

"आजी, अंदाजानं सांगू नका," ते हळू बोलले. "हा दोरा पाय कापायचा की नाही हे ठरवत नाही. कुठे जपायचं ते सांगतो."

साखरेमुळे नसा खराब झाल्या असाव्यात, असं ते म्हणाले. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी लिहून दिली. बारा वर्षं चालू असलेल्या मेटफॉर्मिनच्या गोळीनं बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं आणि त्यानंही असंच होतं, म्हणून तेही तपासायला सांगितलं. गेलेली संवेदना सगळी परत येईल, असं वचन त्यांनी दिलं नाही. पण आजोबांचं बोट काळं पडेपर्यंत कुणी तळवा बघितलाच नव्हता, हे आजीनं स्वतःहून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग तुमचा रोज बघायचा."

घरी आता अनवाणी चालायचं नाही. मागे पट्टा असलेली चप्पल आणली. आंघोळीचं पाणी आजी पायानं बघायची, ते आता कोपरानं बघते. आणि रात्री जेवणं आटोपली की ती पाय माझ्या मांडीवर ठेवते. पहिले दोन दिवस लाजली. सुनेच्या मुलीच्या मांडीवर पाय ठेवायचे म्हणजे पाप, असं तिचं म्हणणं. मी मोबाइलचा टॉर्च लावून बोटांच्या बेचक्या बघते, टाच बघते. शेवटी तिच्या हट्टासाठी डोळे मिटून तो खेळ होतो. अंगठ्याला मी माझं बोट हळूच टेकवते.

"लागलं?"

आजी थांबते. ओठ हलतात.

"नाय," ती म्हणते. "नाय लागलं."