अभ्यासाच्या मर्यादा: तिसरीतील जोडीवाचन, मुंबईतील मनपाच्या दोन मराठी शाळा

जोडीने वाचल्याने तिसरीतल्या मुलांचा वाचनाचा वेग वाढतो का, हे आम्ही दहा आठवडे पाहिले. या अभ्यासाची सर्वांत मोठी मर्यादा तुकड्यांच्या संख्येची आहे. मुले ९६ असली तरी तुकड्या चारच होत्या: प्रत्येक शाळेत एक जोडीवाचनाची आणि एक तुलनेची. कोणती तुकडी कशात जाणार हे मुख्याध्यापकांसमोर चिठ्ठी टाकून ठरले, त्यामुळे निवडीत आमचा कल आला नाही. पण एका तुकडीतली मुले एकाच बाईंच्या हाताखाली, एकाच फळ्यासमोर शिकतात. त्यांचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. जोडीवाचन तुकड्यांचा वेग मिनिटाला सरासरी १४.२ अचूक शब्दांनी वाढला, तुलना तुकड्यांचा ८.१ शब्दांनी. मुलांना सुटे धरले तर ६.१ शब्दांच्या या फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा १.९ ते १०.३ येते. तुकडीतल्या मुलांमधील साम्य ०.०५ एवढे कमी धरले तरी तीच मर्यादा −०.१ ते १२.३ होते. ते ०.१५ धरले, तर प्रत्येक तुकडीत २४ मुले असल्याने १ + (२४ − १) × ०.१५ = ४.४५ हा गुणक लागतो आणि मर्यादा त्याच्या वर्गमूळाच्या पटीत, म्हणजे −२.८ ते १५.० इतकी रुंदावते. दोन्ही वेळा तिच्यात शून्य येते, म्हणजे फरक मुळात नसण्याची शक्यता उरते. हे साम्य नेमके किती, ते चार तुकड्यांवरून काढता येत नाही. म्हणून दोन्ही हिशोब दिले आहेत, आणि निष्कर्षांत ‘जोडीवाचनामुळे वेग वाढला’ असे विधान आम्ही केलेले नाही.

फरकाची दिशा मात्र दोन्ही शाळांत एकच आहे: पहिल्या शाळेत ७.३ शब्द, दुसऱ्या शाळेत ४.९ शब्द. दोन शाळांचे एकमत हा पुरावा नव्हे. मोठा अभ्यास हाती घेण्यासाठी मात्र तेवढा आधार पुरेसा आहे.

सुरुवातीला पटावर ११८ मुले होती आणि त्यांतली २२ शेवटच्या चाचणीत नव्हती. काहींनी शाळा बदलली, काही गावी गेली होती, काही सलग गैरहजर होती. गळती दोन्हीकडे सारखी असती तर चिंता कमी होती. जोडीवाचन तुकड्यांतून १३ मुले गळली, तुलना तुकड्यांतून ९. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोडीवाचनातून गळलेल्या मुलांचा सुरुवातीचा वेग १९.६ शब्द होता आणि टिकलेल्यांचा २७.४. तुलनेच्या बाजूला हे आकडे २६.१ आणि २७.९ आहेत. म्हणजे आमच्या बाजूने कच्ची मुले जास्त सुटली, आणि तीच मुले हळू शिकणारी असतील तर आमचा फरक फुगलेला आहे. तो किती फुगला असेल हे पाहण्यासाठी गळलेल्या १३ मुलांना तुलना तुकड्यांची सरासरी वाढ देऊन हिशोब पुन्हा केला. वाढ १४.२ वरून १२.९ वर येते आणि फरक ४.८ शब्दांचा उरतो. अहवाल वापरणाऱ्यांनी ६.१ सोबत हा आकडाही द्यावा.

मोजमापाबद्दल. पहिल्या चाचणीत सर्वांनी उतारा ‘अ’ वाचला आणि शेवटच्या चाचणीत उतारा ‘आ’. दोन्ही १०० शब्दांचे आहेत, पण ‘अ’मध्ये जोडाक्षरांचे शब्द १२ आहेत आणि ‘आ’मध्ये १७. म्हणून ‘मुलांचा वेग २७.४ वरून ४१.६ झाला’ हे वाक्य एकटे वापरू नये. त्यात उताऱ्याच्या काठिण्याचा परिणाम मिसळलेला आहे. दोन गटांतला फरक त्यामानाने सुरक्षित आहे, कारण दोन्ही गटांना त्याच क्रमाने तेच उतारे मिळाले. पुढच्या वेळी प्रत्येक तुकडीतील निम्म्या मुलांना आधी ‘आ’ द्यावा, म्हणजे हा प्रश्न मुळातच राहत नाही.

चाचणी घेणाऱ्या डी.एल.एड.च्या विद्यार्थिनींना कोणती तुकडी कोणत्या गटात आहे हे माहीत होते. ते लपवता आले नाही, कारण जोडीवाचनाच्या वर्गांत बाक समोरासमोर लावलेले दिसत. याची तपासणी म्हणून ३० रेकॉर्डिंग गट न सांगता दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मोजून घेतली. दोघींच्या मोजणीत सरासरी १.३ शब्दांचा फरक आला आणि तो एका गटाच्या बाजूने झुकलेला नव्हता. मोजणीतला कल यामुळे बराचसा बाद होतो. मुलाला चाचणीपूर्वी दिलेला धीर, ‘सावकाश वाच’ म्हणण्यातला सूर, हे मात्र रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

घरी हिंदी किंवा तेलुगू बोलणारी मुले बरीच होती. उच्चाराला चूक धरायचे नाही हा नियम आधीच ठरवला होता: ‘फळ’ला ‘फल’ किंवा ‘चमचा’तला च ‘चहा’सारखा उच्चारला तरी शब्द बरोबर. नियम न्याय्य आहे, पण त्याची किंमत आहे. मुलाला ळ हे अक्षर ओळखता येत नाही, की येते आणि जिभेवर ल बसला आहे, हे या चाचणीतून कळत नाही.

जोडाक्षरांच्या शब्दांवर चुका जास्त होतात, हा निष्कर्ष गटांच्या तुलनेवर उभा नाही, म्हणून वरच्या बहुतेक मर्यादा त्याला लागत नाहीत. पहिल्या चाचणीतील ६१४ चुकांपैकी २५२, म्हणजे ४१ टक्के, जोडाक्षरांच्या शब्दांवर झाल्या आणि उताऱ्यात असे शब्द १०० पैकी १२ होते. मात्र ही १२ शब्दांची गोष्ट आहे. ‘सूर्य’मधला रफार, ‘प्रकाश’ आणि ‘ट्रक’मधले रकार हे तीन वेगळे आकार त्यांत आले. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आलेच नाहीत. शिवाय बहुतेक मुले एका मिनिटात उताऱ्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचली नाहीत, त्यामुळे मागच्या शब्दांवरचे निरीक्षण थोड्या चांगल्या वाचकांचेच आहे.

जोडीवाचनाला रोज २० मिनिटे मिळाली आणि तुलना तुकड्यांत तेवढा वेळ नेहमीचा स्वाध्याय चालला. परिणाम जोडीचा की नुसत्या जादा वाचनाचा, हे या रचनेतून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी २० मिनिटे एकट्याने मोठ्याने वाचणारी तिसरी तुकडी हवी. आमची आठवड्याची भेटही जोडीवाचनाच्याच वर्गांना होती. उलट दिशेचाही एक परिणाम आहे. दुसऱ्या शाळेत तुलना तुकडीच्या बाईंनी सहाव्या आठवड्यापासून मुलांना प्रकट वाचनाला बसवायला सुरुवात केली. ते योग्यच होते आणि आम्ही अडवले नाही. त्या शाळेतला फरक कमी दिसण्याचे हे एक कारण असू शकते.

ठरलेल्या ५० दिवसांपैकी ४१ दिवस जोडीवाचन झाले. बाकीचे गॅदरिंगच्या तयारीत आणि शिक्षकांच्या शाळाबाह्य कामांत गेले. आकडे या ४१ दिवसांचे आहेत, कागदावरच्या ५० चे नाहीत. मनपा शाळेत हाच उपक्रम राबवणाऱ्याने साधारण एवढीच अपेक्षा धरावी. जोडीवाचन तुकड्यांच्या दोन्ही शिक्षिका स्वतःहून तयार झाल्या होत्या. आदेशाने सुरू केलेल्या वर्गात हे प्रमाण खाली येण्याची शक्यता आहे.

आकलनाबद्दल आम्ही काहीही म्हणत नाही. पाच तोंडी प्रश्न विचारले होते, पण पहिल्याच चाचणीत निम्म्याहून अधिक मुलांना चार किंवा पाच गुण मिळाले. वाढ दिसायला जागाच उरली नाही.

शेवटची चाचणी फेब्रुवारीअखेर झाली. मे महिन्यात यांतली कित्येक मुले गावी जातात आणि पुस्तक मुंबईतच राहते. जूनमध्ये चौथीत आल्यावर त्यांची पुन्हा चाचणी घेतलेली नाही. म्हणून येथील वेगाचे सर्व आकडे दहा आठवड्यांच्या अखेरीचे आहेत आणि तेवढ्याच मुदतीसाठी वाचावेत.