अर्जुन विचारतो : गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा भाग (भागवार आराखडा, दुसरा खर्डा)

पहिला खर्डा मीच रद्द केला. त्यात प्रत्येक भागाला ‘अध्यायाचा सारांश’ होता, आणि नमुन्याचा भाग ऐकल्यावर निवेदिकाच म्हणाली, ‘हे परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड वाटतंय.’ खरं होतं ते. दोन मिनिटांत ७२ श्लोकांचा सारांश सांगायला गेलं की ना श्लोक उरतो, ना माणूस.

म्हणून आता सूत्र एकच. अर्जुन त्या अध्यायात काय विचारतो, तिथून भाग सुरू करायचा. पाच अध्यायांत तो काहीच विचारत नाही : ७, ९, १३, १५ आणि १६. (तेराव्याच्या काही प्रतींत सुरुवातीला त्याच्या तोंडी एक जादा श्लोक सापडतो. आपण ७०० श्लोकांची प्रत धरली आहे, तिच्यात तो नाही.) हे पाच आपले ‘मौनाचे भाग’. त्यांत अर्जुनाचा आवाज नाही, फक्त त्याचा ऐकणारा चेहरा.

लांबी दोन मिनिटं, उभी फ्रेम. निवेदनाची संहिता २३० शब्दांच्या वर नको. एका भागात एकच श्लोक पूर्ण म्हटला जाईल. पठण आणि निवेदन वेगवेगळ्या आवाजांत. अर्थ पडद्यावर शब्द उमटत येईल, निवेदिका तो परत वाचणार नाही.

भाग दर रविवारी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा रविवार अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे डोक्यात होतंच. पण मालिकेत त्याचा गाजावाजा नको.

भाग १ : अर्जुनविषादयोग
पहिला प्रश्न अर्जुनाचा नाहीच. तो धृतराष्ट्राचा आहे, आणि सबंध गीतेत त्याच्या वाट्याला हा एकच श्लोक. ‘मामकाः पाण्डवाश्चैव किमकुर्वत सञ्जय’ : माझे आणि पांडूचे. भावाची मुलं ‘माझी’ नाहीत, युद्धाचं मूळ या एका शब्दात आलं. काळा पडदा, फक्त आवाज.
मग अर्जुन. त्याचं पहिलं बोलणं सारथ्याला दिलेला हुकूम आहे : रथ दोन्ही सैन्यांच्या मधे उभा कर. आणि थोड्याच वेळात तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, गांडीव हातातून निसटतं. शंखांची यादी (पांचजन्य, देवदत्त, पौंड्र…) वगळू, ती अध्यायात छान आहे, व्हिडिओत नावांची हजेरी होईल. शेवटचा शॉट महत्त्वाचा : धनुष्य-बाण टाकून तो रथात खाली बसतो. ‘उपाविशत्’ हा शब्द कॅप्शनमध्ये ठळक हवा, अठराव्या भागात त्याचं काम आहे.

भाग २ : सांख्ययोग
सगळ्यांना ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ हवं आहे, मला माहीत आहे. ते घेऊ, पण चार सेकंद, कारण प्रेक्षकाला ते पाठ आहे. आपला प्रश्न ५४ व्या श्लोकातला : ज्याची बुद्धी स्थिर झाली तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? अर्जुनाला व्याख्या नको आहे, त्याला तो माणूस बघायचा आहे. इतका साधा प्रश्न.
पूर्ण म्हणायचा श्लोक कासवाचा (५८). कासव अवयव आत ओढून घेतं, एवढंच दृश्य, संगीत नाही. उरलेल्या वेळात ६२-६३ ची घसरण : विषयाचं चिंतन, मग ओढ, ओढीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी, मग माणूस. हे पायऱ्या उतरणाऱ्या पावलांवर घ्यायचं आहे, एका शब्दाला एक पायरी. निवेदिकेनं वेग वाढवू नये. पायऱ्या आपल्या आपण वेग घेतील.

भाग ३ : कर्मयोग
दोन प्रश्न आहेत, त्यातला दुसरा घेऊ (श्लोक ३६) : इच्छा नसतानाही, कुणी जबरदस्तीनं ढकलावं तसा माणूस पाप का करतो? उत्तर ‘काम एष क्रोध एषः’. दृश्यं श्लोक ३८ मध्ये तयारच आहेत : धुरानं झाकलेला विस्तव, धुळीनं झाकलेला आरसा. आरसा नुसत्या हातानं पुसायचा, कपड्यानं नाही. बोटांचे ओरखडे दिसले पाहिजेत.

भाग ४ : ज्ञानकर्मसंन्यासयोग
इथला प्रश्न मला फार आवडतो. कृष्ण म्हणतो, हा योग मी पूर्वी सूर्याला सांगितला. अर्जुन लगेच हिशेब मांडतो : तुझा जन्म आत्ताचा, सूर्याचा कितीतरी आधीचा, हे मी कसं समजू? श्रद्धा आहे म्हणून गणित सोडलेलं नाही. ‘यदा यदा हि’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतं, हे फार जणांच्या लक्षात नसतं. तेवढं दाखवलं की भाग झाला.

भाग ५ : कर्मसंन्यासयोग
तिसऱ्यात त्यानं म्हटलं होतं, ‘एक काय ते नक्की करून सांग.’ इथे पुन्हा तेच. दोन्ही श्लोक एकापाठोपाठ कापून लावा, आवाज तोच, दुसऱ्या वेळी जरा थकलेला. मग कमळाचं पान आणि पाणी (श्लोक १०). खरं पान, खरा थेंब. अॅनिमेशन नको.

भाग ६ : ध्यानयोग
मन वाऱ्यासारखं, आवरणं कठीण (३४). कृष्ण आधी कबूल करतो : ‘असंशयं’, यात शंकाच नाही. उपाय त्यानंतर : अभ्यास आणि वैराग्य. पण आपण इथे थांबायचं नाही, कारण या अध्यायातला सगळ्यात माणसासारखा प्रश्न पुढे आहे. श्रद्धेनं सुरुवात केली आणि मधेच सुटलं, तर तो माणूस दोन्हीकडून गेला का, फाटलेल्या ढगासारखा? व्यायामाची, भाषेची, वाद्याची शिकवणी अर्धवट सोडलेल्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. उत्तर ४० व्या श्लोकात : चांगलं करणारा कुणीही दुर्गतीला जात नाही. तो श्लोक पूर्ण म्हणायचा, ‘तात’ या हाकेवर किंचित थांबून. वारा नसलेल्या जागीचा दिवा (१९) लघुचित्राला वापरू.

भाग ७ : ज्ञानविज्ञानयोग (मौन)
दोऱ्यात ओवलेले मणी. एकच सलग शॉट, हात मणी ओवतोय. भजणाऱ्यांचे चार प्रकार (दुःखी, जिज्ञासू, काही हवं असणारा, ज्ञानी) कॅप्शनमध्ये. चौघांनाही ‘उदार’ म्हटलं आहे, हे निवेदनात सुटू नये.

भाग ८ : अक्षरब्रह्मयोग
प्रश्नांची सरबत्ती : ब्रह्म काय, अध्यात्म काय, कर्म काय… सात प्रश्न दोन श्लोकांत. सगळे पडद्यावर भराभर पडू द्या, सातव्यावर थांबा : जाताना तुला कसं ओळखायचं? उरलेला भाग त्यावर. शुक्ल-कृष्ण मार्ग वगळतोय, त्याला दोन मिनिटं पुरत नाहीत.

भाग ९ : राजविद्याराजगुह्ययोग (मौन)
प्रत्येक भागात ज्ञानेश्वरीतली एक ओवी घालावी, अशी सूचना आली होती. मोह मलाही झाला, पण दोन आवाजांत तिसरा मावत नाही. अपवाद फक्त इथे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागून सुरू होतो, आणि मूळ अध्यायात अर्जुन गप्प राहून नेमकं तेच देतोय. ही जुळणी हातची घालवायची नाही. पूर्ण श्लोक ‘पत्रं पुष्पं फलं तोयं’. चार वस्तू, चार शॉट, शेवटी रिकामी ओंजळ.

भाग १० : विभूतियोग
कुठे कुठे तुला बघू, असं तो विचारतो आणि यादी सुरू होते. पर्वत-नद्या सगळे दाखवतात. आपण तीन अनपेक्षित उचलू : अक्षरांत ‘अ’, समासांत द्वंद्व, आणि फसवणाऱ्यांत द्यूत. द्यूत! ज्याच्यामुळे पांडव वनात गेले, तेच. त्यावर निवेदन पूर्ण थांबवा, फाशांचा आवाज तेवढा ठेवा. पुढे ‘पांडवांमध्ये धनंजय’, म्हणजे समोरचा श्रोताच यादीत आहे. तिथे अर्जुनाचा चेहरा.

भाग ११ : विश्वरूपदर्शनयोग
हजार तोंडांचं ग्राफिक कृपा करून नको. रूप दिसलं की संपलं. अर्जुनाच्या डोळ्यांवरचा प्रकाश पुरे. पठणाला एक सूचना : पंधराव्या श्लोकापासून छंद बदलतो, आठ अक्षरांच्या अनुष्टुभातून अकरा अक्षरांच्या त्रिष्टुभात. न समजणाऱ्यालाही तो बदल कानाला कळेल, म्हणून पार्श्वसंगीत काढून टाका.
इथे प्रश्न एकच : ‘तू कोण?’ उत्तर ‘कालोऽस्मि’. पण भागाचा जीव त्याच्या माफीत आहे (४१-४२). मित्र समजून तुला अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या म्हणालो. खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना थट्टा केली, ते पोटात घाल. हे निवेदिकेनं अगदी हळू, मित्राशी बोलल्यासारखं म्हणावं.

भाग १२ : भक्तियोग
फक्त २० श्लोक, अनेकांना पाठ. सगुण की निर्गुण हा प्रश्न लवकर आटपू. खरी गंमत ८ ते ११ मध्ये : मन माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तोही जमत नसेल तर माझ्यासाठी काम कर. तेही होत नसेल तर निदान फळ सोड. दुसऱ्या भागातल्याच पायऱ्या वापरू, पण इथे प्रत्येक पायरीवर कुणीतरी हात धरून थांबलंय.

भाग १३ : क्षेत्रक्षेत्रज्ञविभागयोग (मौन)
शेत आणि शेत जाणणारा. नांगरलेली जमीन, वरून घेतलेला शॉट, काठावर उभा माणूस. या भागात व्याख्या घुसवल्या की तो पडेल. ‘अमानित्वम्’पासूनच्या यादीतला पहिलाच शब्द घ्या, मोठेपणाचा हव्यास नसणं, आणि तेवढ्यावर सोडा.

भाग १४ : गुणत्रयविभागयोग
त्रिगुणांच्या पलीकडे गेलेला माणूस वागतो कसा? दुसऱ्या भागातलाच प्रश्न, नव्या शब्दांत. जुना शॉट पुन्हा वापरला तरी चालेल, उलट वापराच.

भाग १५ : पुरुषोत्तमयोग (मौन)
मुळं वर, फांद्या खाली असा अश्वत्थ. कॅमेरा उलटा. संपूर्ण भाग उलटा राहील, शेवटच्या पाच सेकंदांत सरळ होईल.

भाग १६ : दैवासुरसंपद्विभागयोग (मौन)
दैवी गुणांची यादी तीन श्लोकांत आहे, ती नको. आसुरी माणसाचं स्वगत (१३ ते १५) घ्या : आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन. हा शत्रू मारला, बाकीचेही मारीन. मी श्रीमंत, माझ्यासारखा दुसरा कोण? आरशासमोर, स्वतःवर खूश अशा आवाजात. खलनायकी हसू नको. ऐकणाऱ्याला आधी मजा वाटली पाहिजे.

भाग १७ : श्रद्धात्रयविभागयोग
प्रश्न : शास्त्र सोडलं, पण श्रद्धा आहे, अशांचं काय? आहाराचे तीन प्रकार सगळीकडे फिरतात, म्हणून टाळू. वाणीचं तप (१५) घेऊ : टोचणार नाही, खरं असेल, गोड असेल, हिताचं असेल. चारही एकाच वाक्यात जमतात का, हे निवेदिकेनं एका निरोपाचा मजकूर खोडत-लिहीत दाखवावं.

भाग १८ : मोक्षसंन्यासयोग
७८ श्लोक, सगळ्यात मोठा. संन्यास आणि त्याग यांत फरक काय, हा अर्जुनाचा शेवटचा प्रश्न. तो उच्चारून सोडून द्यायचा. सरळ ६३ वर : सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’, याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. इथे तीन सेकंद शांतता, एडिटमध्ये कुणी कमी करू नये.
पुढे ७२ वा : इथे विचारणारा बदलतो. कृष्ण विचारतो, नीट ऐकलंस ना? आणि अर्जुन : ‘स्थितोऽस्मि’. पहिल्या भागातला ‘उपाविशत्’चा शॉट आणि हा, शेजारी शेजारी.
शेवटचा श्लोक संजयाचा. त्यानंतर पुन्हा पहिल्या भागातला काळा पडदा, तेवढाच वेळ. धृतराष्ट्र गीतेत परत बोलत नाही, म्हणून आपणही तिथे आवाज टाकायचा नाही. नावांची पाटीसुद्धा त्यानंतर.