भोपळ्यातला वाघ

गोष्टीची सुरुवात 'आटपाट नगर होतं' अशीच करायची असते. पण आपली डोकरी चोपडा तालुक्यातली. तेव्हा आटपाट गाव होतं. गावाच्या मागे सातपुडा, पुढे तापी, मध्ये काळी जमीन, आणि शेतीची लाइट रात्री यायची.

डोकरीची लेक रावेरकडे दिलेली. जावई केळीवाला. हिवाळा लागला, वांगी भरीताला आली, तशी डोकरीला लेकीची आठवण झाली. तिनं पिशवीत शेंगदाणे भरले, काठी घेतली आणि सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं जंगलातून निघाली.

आता कोणी शहाणा विचारील की बाई, चोपड्याहून यावल-फैजपूर करत सरळ रावेरला एसटी जाते, आणि 75 च्या वरच्यांना 2022 पासून तिकीटही नाही. मग जंगलातून कशाला? तर गोष्टीत जंगल आहे म्हणून. डोकरी एसटीनं गेली तर वाघानं काय स्टँडवर उभं राहायचं?

पहिला भेटला कोल्होबा. "कथा चालनी व माय?"

"आंडेरकडे."

"मी तुला खाणार."

डोकरीनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणापासून जे म्हणायचं ते तिला पाठच होतं. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा."

कोल्हा पूर्वीचा राहिला नव्हता. दोन हंगाम अडत्याच्या गाळ्यामागे राहून तो हिशेब शिकला होता. त्यानं वही काढली, डोकरीला काट्याला लटकवलं आणि लिहिलं: डोकरी एक नग, वजन 46 किलो, वायदा परतीचा. पुढे अस्वल भेटलं, मग वाघोबा. दोघांनाही डोकरीनं तेच सांगितलं, आणि दोघांच्याही नावानं कोल्ह्यानं त्याच पानावर नोंद केली. एकच माल तिघांना विकलेला पाहून त्याला डोकरीबद्दल आदर वाटला.

लेकीकडे जे झालं ते सांगायला घाई करून चालणार नाही. बामणोदची वांगी, हिरवी, हातभर. ती तुराट्यांच्या जाळावर साल काळी पडून सुटेस्तोवर भाजायची. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायची. वरून कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून दळलेलं पीठ. त्यावर लेक तूप वाढायची. डोकरी 'पुरे' म्हणायची आणि ताट पुढे करायची. मूळ गोष्टीत ही सगळी धमाल 'तूपरोटी खाल्ली' एवढ्या दोन शब्दांत उरकलेली असते. सांगणारा खानदेशातला नसावा.

महिना गेला. परत निघायची वेळ आली तसा लेकीनं रीतीप्रमाणे परसातला मोठा भोपळा कोरला. डोकरीनं एक पाय आत घातला. दुसरा जाईना. जावयानं मागून ढकलून पाहिलं. शेवटी जावई म्हणाला, "मामी, तुम्ही जाडजूड झालात, हाच घोळ झाला."

खरंच होतं. जाडजूड होऊन त्याच भोपळ्यात बसून यायचं, हे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आणि कोणी माप घेतलं नाही.

"राहू दे," डोकरी म्हणाली. "मी चालतच जाते. भोपळा ढकलत नेते, भाजीला होईल."

अडावदपाशी आली तशी उनपदेवला वळली, गरम झऱ्याखाली मनसोक्त अंघोळ केली आणि ओल्या लुगड्यानंच जंगलात शिरली. वाटेवर तिघं बसलेलेच. कोल्ह्याच्या मांडीवर वही, अस्वल जांभया देत होतं. आणि वाघोबा... वाघोबाची पार रया गेली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात.

"काय रे, काय झालं तुला?"

"तू थांब म्हणालीस," वाघ म्हणाला. "मी थांबलो. भूक मोडायला नको म्हणून मधे काही खाल्लं नाही."

या गोष्टीत आपल्याला वाघाची भीती घातली जाते खरी, पण नीट पाहिलं तर साऱ्या गोष्टीत दिलेला शब्द पाळणारा तोच एक आहे.

कोल्ह्यानं काटा टांगला. "61 किलो. उत्तम माल."

"थांब," डोकरी म्हणाली. "वहीत किती आहे?"

"46."

"मग वरचे 15 किलो लेकीच्या तुपाचे. तूप तिचं, चूल तिची. तुझा वायदा 46 चा."

कोल्ह्यानं 15 वजा केले.

"हाडं खाणार का?"

"नाही."

"काढ 14. लुगडं, गोठ, तोडे मिळून 2 किलो. आणि मी आत्ताच अंघोळ करून आले. कापसाला 8 टक्क्यांच्या वर ओल असली की माझ्या कापसाला कटती लावता ना? मग ओलीची कटती धर 10 किलो."

कोल्हा लिहीत होता. उरले 20. अस्वल म्हणालं, "माझा वाटा?" तिघांत 20, म्हणजे प्रत्येकी सहा किलो 666 ग्रॅम. वरचे 666 ग्रॅम कोल्ह्यानं सवयीनं तोलाईत घातले.

"आता वाघाच्या 6 किलोतून अडत, हमाली, नासाडी," डोकरी म्हणाली. "केळीला लावता तशीच लाव. एक पैसा जास्त नको, एक पैसा कमी नको."

कोल्ह्यानं लावली. बराच वेळ पेन्सिल चावली. मग मान खाली घालून म्हणाला, "वाघोबा, तुमच्या वाट्याला शून्य किलो येतं. आणि बारदानाचे 20 रुपये तुमच्याकडेच निघतात."

"असं कसं?" वाघ म्हणाला.

"आम्हीबी दरवर्षी हेच विचारतो," डोकरी म्हणाली.

वाघ मटकन खाली बसला. डोळ्यांत पाणी आलं. डोकरीला राहवलं नाही. शेवटी ती कोणाची तरी माय होती. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, बरगड्या चाचपल्या. मग भोपळ्याकडे पाहिलं, वाघाकडे पाहिलं.

"बस आत."

"कुठं?"

"लेकीकडे जा. तूपरोटी खा. जाडजूड हो."

वाघ आत बसला. अगदी बेताचा बसला. डोकरीनं झाकण लावलं आणि उतारावर एक लाथ घातली. भोपळा निघाला. यावलच्या अलीकडे गावकुत्र्यांनी अडवलं. "भोपळ्या भोपळ्या, आत वाघ आहे का?" आतून बारीक आवाज आला, "वाघ कोणाचा, बिघ कोणाचा! चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!" फैजपूरला वनखात्याची गाडी थांबली. साहेबानं काच खाली केली, ऐकलं आणि काच वर केली. भोपळा बोलतोय असा पंचनामा कोण लिहिणार?

रावेरला लेकीनं दार उघडलं. भोपळा फुटला. वाघ अंग झाडून उभा राहिला.

"मायनं धाडलं?"

"हो."

"मग बाहेर का उभा? हातपाय धू. बडगी धरता येते का तुला?"

अखजीला परत जायचं ठरलं होतं. अखजी होऊन गेली, वाघ रावेरलाच आहे. रात्रीची लाइट आली की जावई झोपतो आणि मोटर वाघ चालू करतो. बागेत रानडुकरं फिरकत नाहीत. चोपड्याला डोकरी शेजारणींना सांगते की माझ्या लेकीनं गडी चांगला धरलाय, फक्त तूप जास्त लागतं. कोल्हा 20 रुपयांच्या वसुलीसाठी दर सोमवारी वही घेऊन रावेरला जातो, पोटभर भरीत खातो आणि पुढच्या सोमवारची तारीख घालून परत येतो.