वहीचं पहिलं पान: ओळीमागून ओळ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मालवणच्या दुकानाच्या वहीचा फोटो मिळाला. हे पान नव्या वर्षाचं पहिलं पान आहे, म्हणजे वाचायला सगळ्यांत चांगलं. शाई ताजी, अक्षर सांभाळून काढलेलं, आणि मुखपृष्ठाच्या आत पणजोबांनी स्वतःच लिहून ठेवलंय: ‘पक्का शेर ८० तोळे’. या चार शब्दांनी अर्धी कटकट मिटते, कारण कच्चा शेर याहून बराच हलका असे. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम.

माथ्यावर आहे: ‘॥ श्री ॥ शके १८६९ सर्वजित नाम संवत्सरे, कार्तिक शु॥ १ गुरुवासरे’. शु॥ म्हणजे शुद्ध. पुढच्या पानांवर व॥ दिसेल ते वद्य. चैत्रापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. इथे १९४७ येतं. दिवाळीचा पाडवा, १३ नोव्हेंबर १९४७. वार गुरुवार लिहिलाय आणि त्या तारखेला गुरुवारच होता, म्हणजे वाचन बरोबर. वार नेहमी असा ताडून पाहा. पत्त्यात ‘जि॥ रत्नागिरी’ आहे ती चूक नव्हे; सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला.

आता ज्या ओळीवर तू अडलीस ती:

शिल्लक मागील वहीवरून रु॥ ४७८॥।≡

तू ‘४७८ रुपये’ वाचलेस. यात दोन सापळे आहेत. पहिला, ‘रु’ला चिकटलेल्या दोन उभ्या रेघा. अक्षराला चिकटलेली ॥ म्हणजे शब्द तोडून लिहिल्याची खूण. आकड्यानंतर आलेली ॥ म्हणजे अर्धा. दुसरा सापळा तो ‘८’. या वहीत तो आठ नाही, रुपये संपले आणि पुढे आणे आले हे सांगणारं वळण आहे. पुढे जिथे रुपये आणि आणे दोन्ही आहेत तिथे तो त्याच जागी येतो, आणि आठ धरला तर त्यातला एकही हिशेब जुळत नाही. म्हणजे रक्कम ४७ रुपये आणि पुढे ॥।≡ इतकी.

रुपयाचे आणे १६. उभी एक रेघ । म्हणजे पाव रुपया, ४ आणे. ॥ म्हणजे ८, ॥। म्हणजे १२. आडवी एक रेघ - म्हणजे १ आणा, = म्हणजे २, ≡ म्हणजे ३. म्हणून ॥।≡ म्हणजे १२ आणि ३, एकूण १५ आणे. शिल्लक ४७ रुपये १५ आणे, आजच्या लिहिण्यात ४७.९४.

पैशात आणताना एक काळजी घे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, म्हणून आणा सव्वासहा पैशांचा. आण्याला ६ पैसे धरून बेरीज केलीस तर १६ आण्यांचे ९६च होतात. म्हणून सगळी बेरीज आण्यांत कर, आणि शेवटच्या आकड्यालाच १६ ने भाग.

उधारीच्या चार ओळी:

गूळ शेर २॥ दर ।= … ०॥।≡
भात मण १॥ दर पायली ॥= … ११८।
खोबरे औट शेर दर १८।= … ४८॥।-
चहा नवटाक दर शेर ३८॥ … ०।≡

गुळाच्या ओळीत शेवटच्या तीन आडव्या रेघा फोटोत दोनच दिसतात, शाई एकमेकींत मिसळलीय. पण अडीच शेर गुणिले ६ आणे म्हणजे १५, तेव्हा रेघा तीनच. डोळ्यांपेक्षा गुणाकारावर विश्वास ठेव.

भाताची ओळ मला सगळ्यांत आवडली. पायली हे माप आहे, वजन नव्हे. मापाच्या चार शेरांची एक पायली. पण किती पायल्यांचा मण, हे गावागावांत वेगळं: कुठे १२, कुठे १६. इथे रक्कम ११। रुपये, म्हणजे १८० आणे. दर १० आणे. म्हणून पायल्या १८, आणि त्या दीड मणाच्या. म्हणजे पणजोबांचा मण १२ पायल्यांचा. कोणालाही न विचारता पानानेच सांगितलं. मात्र या मणाचे किलो करू नकोस. घरातली जुनी पायली भातानं भरून काट्यावर ठेवलीस तर खरं वजन कळेल.

‘औट’ म्हणजे साडेतीन, अपूर्णांकांच्या पाढ्यांतल्या औटकीतला. आठ समजू नकोस. २२ आणे गुणिले साडेतीन म्हणजे ७७ आणे, ४ रुपये १३ आणे. वजन सव्वातीन किलोच्या थोडं वर. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, सुमारे ११७ ग्रॅम. साडेतीन रुपयांचे ५६ आणे, त्यांचा आठवा भाग ७.

चारही मिळून २७९ आणे, १७ रुपये ७ आणे. तळाला ‘ए॥ १७८।≡’ लिहिलंय, जुळलं. ए॥ म्हणजे एकूण.

‘तेव्हा ते किती स्वस्त होतं’ हे तू विचारलं आहेस. आजच्या रुपयाशी तुलना करू नकोस, पानातल्या पानात कर. १० आण्यांना भाताची पायली, आणि शेरभर खोबऱ्याला २२ आणे, म्हणजे दोन पायल्यांहून जास्त भात. नवटाक चहाला पाऊण पायलीच्या जवळपास भात जाई. चहा किती जपून उकळला जात असेल, हे त्यावरून कळतं.

उजवीकडची साबणाची नोंद वेगळ्या पद्धतीची आहे, कारण ती मुंबईच्या बिलावरून उतरवलीय:

साबण पेट्या २ दर ५-१०-६ … ११-५-०
बोटभाडे ०-१२-६, हमाली ०-३-०
ए॥ १२-४-६

इथली आडवी रेघ आणा नव्हे, नुसती फारकत आहे. क्रम रुपये-आणे-पै. १२ पैंचा आणा. दोन पेट्यांच्या ६ आणि ६ पै मिळून एक आणा हातचा आला, म्हणून शेवटी शून्य पै. एकूण १२.२८.

शेवटची नोंद: ‘जमा गु॥ मुलगा, राा मा॥, अधेली १ चवल्या ३, रु॥ ३८।- पैकी, बा॥ २८।≡’. गु॥ म्हणजे गुजारत, कोणाच्या हाती आले ते. राा मा॥ म्हणजे राहणार मजकूर, वर लिहिलेल्याच गावचा. अधेली ८ आण्यांची, चवली २ आण्यांची, मिळून १४ आणे. उधारी ५३ आणे होती, बाकी ३९, म्हणजे २ रुपये ७ आणे. मुलाने आणलेली नाणीसुद्धा मोजून लिहिलीत, हे बघ.

आता डावा खालचा कोपरा. तिथे कसरीनं भोक पाडलंय आणि मागच्या बाजूची शाई पुढे उतरलीय, ती उभ्या रेघेसारखी दिसते. ती । आहे की डाग, हे या फोटोवरून ठरवता येत नाही. वही उन्हात ठेवू नकोस, पान दाबून सपाटही करू नकोस, शिवणीपाशी फाटेल. खिडकीजवळ एका बाजूने उजेड येईल असं धरून तोच कोपरा जवळून घे, आणि त्याच पानाची मागची बाजूही पाठव. रेघ मागे उलटी दिसली तर तो डाग, नाहीतर ते चार आणे.

तुझे आजोबा