मंदायक अभिक्रिया मंद करत नाही: विखंडन, साखळी अभिक्रिया आणि नियंत्रक कांड्या

प्रश्न: अणुभट्टीतील विखंडनाची साखळी अभिक्रिया स्पष्ट करा आणि तीत मंदायक व नियंत्रक कांड्या यांचे कार्य सांगा. (बी.एस्सी. अंतिम वर्ष, केंद्रकीय रसायनशास्त्र)

नागपूरच्या आपल्या वर्गातील सराव उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटले: “मंदायक न्यूट्रॉनांचा वेग कमी करून अभिक्रिया मंद करतो.” या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसरा पूर्णपणे चुकीचा. चूक नावामुळे होते हे मला मान्य आहे, पण ती राहिली तर सगळे उत्तर उलटे होते. म्हणून हे उत्तर मी त्या वाक्याकडे लक्ष ठेवूनच लिहीत आहे.

1938 च्या डिसेंबरात हान आणि स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. युरेनियमपेक्षा इतके हलके मूलद्रव्य तेथे आले कसे, याचा उलगडा लिझे माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी केला: केंद्रक दुभंगले होते. हा शोध मुळात रासायनिक पृथक्करणातून लागला, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे. युरेनियम-235 च्या केंद्रकाने न्यूट्रॉन शोषला की उत्तेजित युरेनियम-236 तयार होते, ते थेंबासारखे लांबट होत जाते आणि मधोमध बारीक होऊन तुटते. तुटण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी एक असा:

²³⁵U + ¹n → ¹⁴¹Ba + ⁹²Kr + 3 ¹n

प्रत्येक विखंडनात सुमारे 200 MeV ऊर्जा मुक्त होते आणि तिचा मोठा भाग दोन तुकड्यांच्या गतिज ऊर्जेच्या रूपात असतो. हे तुकडे इंधनातच अडतात आणि इंधन तापते. एक ग्रॅम युरेनियम-235 चे पूर्ण विखंडन झाले तर सुमारे 8 × 10¹⁰ ज्यूल उष्णता मिळते. तेवढ्यासाठी उत्तम प्रतीचा कोळसासुद्धा अडीच टनांहून अधिक जाळावा लागेल. कोराडीला जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

समीकरणात तीन न्यूट्रॉन दिसतात, पण सर्व मार्गांची सरासरी सुमारे 2.4 आहे. साखळीचा पाया हाच. 100 विखंडनांतून साधारण 240 न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतील काही भट्टीबाहेर निसटतात, काही युरेनियम-238 आणि इतर द्रव्ये शोषून घेतात, आणि उरलेल्यांपैकी बरोबर 100 न्यूट्रॉनांनी पुढची 100 विखंडने घडवली तर अभिक्रिया स्थिर चालते. एका पिढीतील विखंडनांच्या संख्येला आधीच्या पिढीतील संख्येने भागले की गुणन गुणांक k मिळतो. k = 1 असेल तर भट्टी क्रांतिक असते; k त्याहून कमी असेल तर साखळी विझते, जास्त असेल तर शक्ती वाढत जाते.

आता मंदायक, म्हणजेच मॉडरेटर. विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा साधारण 2 MeV असते. इतक्या वेगवान न्यूट्रॉनसाठी युरेनियम-235 चा विखंडन काटछेद सुमारे 1 बार्न असतो; तोच न्यूट्रॉन 0.025 eV पर्यंत, म्हणजे औष्णिक ऊर्जेपर्यंत उतरला की काटछेद 580 बार्नच्या वर जातो. न्यूट्रॉन मंद झाला की विखंडनाची शक्यता शेकडो पटींनी वाढते. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-235 अवघे 0.7 टक्के असल्यामुळे या वाढीशिवाय तेथे साखळी टिकतच नाही. मंद होतो तो न्यूट्रॉन. अभिक्रिया त्यामुळेच चालू राहते.

न्यूट्रॉन मंद करायला हलकेच केंद्रक का लागते, हे कॅरमच्या बोर्डावर पाहता येते. एक सोंगटी दुसऱ्या स्थिर सोंगटीवर सरळ आदळली की पहिली जवळजवळ जागीच थांबते. तीच सोंगटी कडेच्या लाकडी पट्टीवर आदळली तर बराचसा वेग राखून परत येते. हायड्रोजनशी सरासरी 18 टकरी झाल्या की न्यूट्रॉन औष्णिक होतो, ड्युटेरियमशी सुमारे 25 लागतात, कार्बनशी सुमारे 115. या हिशेबाने साधे पाणी सर्वोत्तम ठरायला हवे. पण मंदायकाने न्यूट्रॉन गिळूनही चालत नाही. औष्णिक न्यूट्रॉनसाठी हायड्रोजनचा शोषण काटछेद सुमारे 0.33 बार्न आहे आणि ड्युटेरियमचा केवळ 0.0005 बार्न. म्हणूनच तारापूरच्या 1969 मधील पहिल्या दोन, साध्या पाण्याच्या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते, तर त्याच परिसरातील तिसरी आणि चौथी भट्टी जड पाण्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर चालते.

ज्यांना अजून शंका असेल, त्यांनी रावतभाट्याच्या पहिल्या जडपाणी भट्ट्यांची रचना लक्षात घ्यावी. तेथे भट्टी तातडीने बंद करण्यासाठी मंदायक जड पाणी खालच्या टाकीत सोडून देण्याची व्यवस्था होती. मंदायक काढून घेतला की साखळी तुटते. मंदायक अभिक्रिया मंद करत असता, तर हीच कृती आपत्ती ठरली असती.

अभिक्रियेला लगाम घालणाऱ्या असतात त्या नियंत्रक कांड्या. त्या न्यूट्रॉनचा वेग कमी करत नाहीत, न्यूट्रॉन शोषून हिशेबातूनच काढून टाकतात. यासाठी प्रचंड शोषण काटछेद असलेली द्रव्ये निवडतात: कॅडमियम-113 चा सुमारे 20,000 बार्न, बोरॉन-10 चा सुमारे 3,800 बार्न. बोरॉनमधील अभिक्रिया अशी:

¹⁰B + ¹n → ⁷Li + ⁴He

कांडी आत सरकवली की k एकाखाली जातो, बाहेर ओढली की वाढतो. शिकागोतील फर्मी यांच्या पहिल्या भट्टीत 2 डिसेंबर 1942 रोजी हेच घडले: ग्रॅफाइट मंदायक, कॅडमियमच्या कांड्या, आणि शेवटची कांडी टप्प्याटप्प्याने बाहेर.

येथे एक प्रश्न उरतो, आणि तो लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विषय खरोखर कळला आहे असे मी मानतो. न्यूट्रॉनांची एक पिढी सेकंदाच्या हजाराव्या भागात संपत असेल, तर k केवळ 1.001 झाला तरी दहा सेकंदांत शक्ती सुमारे 22,000 पट होईल. मग यांत्रिक कांडी वेळेवर पोहोचणार कशी? उत्तर विलंबित न्यूट्रॉनांत आहे. युरेनियम-235 च्या विखंडनातील सुमारे 0.65 टक्के न्यूट्रॉन तत्काळ निघत नाहीत. ते ब्रोमीन-87 सारख्या तुकड्यांच्या बीटा-क्षयानंतर निघतात, आणि त्या ब्रोमीनचे अर्धायुष्य सुमारे 55 सेकंद आहे. भट्टी या मूठभर उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांशिवाय क्रांतिक होणार नाही, अशाच बेताने चालवली जाते. त्यामुळे k 1.001 असताना शक्ती 2.7 पट व्हायला एका सेकंदाऐवजी साधारण एक मिनिट लागते, आणि तेवढा अवधी कांड्यांना पुरतो.

सर्व कांड्या आत गेल्यावर साखळी थांबते, उष्णता मात्र लगेच थांबत नाही. विखंडनाचे तुकडे किरणोत्सारी असल्याने भट्टी बंद केल्याच्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सुमारे 6 ते 7 टक्के उष्णता त्यांच्या क्षयातून निघत असते. ती दर तासाला घटत जाते, तरी साखळी थांबल्यानंतरही गाभ्यातून शीतकाचा प्रवाह चालूच ठेवावा लागतो.