लाभ व्यवस्थापन आराखडा: तीन गोदामांची एकत्रित साठा प्रणाली

उद्देश

सुट्या भागांच्या तिन्ही गोदामांसाठी बारकोडवर चालणारी साठा प्रणाली उभारणारा प्रकल्पसंघ 31 मार्च 2026 रोजी विसर्जित होईल. त्या दिवशी प्रणाली चालू असेल, पण जिच्यासाठी खर्च मंजूर झाला ती बचत तोपर्यंत जेमतेम दिसू लागलेली असेल. म्हणून पुढील दोन वर्षे कोणता लाभ कोणी मिळवायचा आणि तो कोणी मोजायचा, हे या आराखड्यात ठरवले आहे. मुख्य परिचालन अधिकारी प्रकल्पाचे प्रायोजक म्हणून अखेरपर्यंत उत्तरदायी राहतील.

अपेक्षित लाभ

पहिला लाभ नोंदींच्या अचूकतेचा आहे. जुलै ते डिसेंबर 2025 या काळातील नमुना मोजणीत दर 100 नोंदींपैकी 82 नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळल्या. मार्च 2027 पर्यंत हे प्रमाण 97 वर न्यायचे आहे. याची जबाबदारी गोदाम प्रमुखांची राहील.

दुसरा लाभ, म्हणजे तातडीच्या खरेदीतील घट, पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे आणि मोजायला सर्वांत अवघड. त्याची जबाबदारी खरेदी प्रमुखांकडे आहे. एप्रिल 2026 पासून पुरवठादारांशी नवे दरकरार लागू होत असल्याने तातडीची खरेदी त्यांच्यामुळेही कमी होईल, आणि ती सगळी घट प्रणालीच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरेल. त्यामुळे ‘भाग साठ्यात असूनही सापडला नाही’ हे कारण ज्या मागणीपत्रावर नोंदलेले आहे, तेवढीच खरेदी येथे मोजली जाईल. पहिल्या दोन गोदामांत अशी मागणीपत्रे महिन्याला सरासरी 46 होती. मार्च 2027 पर्यंत ती 15 पर्यंत खाली यावीत. तिसऱ्या गोदामात कारण नोंदवण्याची पद्धतच नव्हती. तेथे प्रणाली मार्चमध्ये सुरू होत असल्याने जानेवारी व फेब्रुवारीत कारणांची स्वतंत्र नोंद घेऊन सुरुवातीचा आकडा ठरवला जाईल. इतर गोदामांची सरासरी तेथे लावता येणार नाही.

तिसरा लाभ वेळेचा. वार्षिक साठामोजणीसाठी प्रत्येक गोदाम चार दिवस बंद ठेवावे लागे. आता एक दिवस पुरेसा ठरावा. मात्र वाचलेले दिवस कुठे वापरले हे सांगता आले नाही, तर तो लाभ मिळाला असे मानले जाणार नाही. गोदाम प्रमुखांनी ते मनुष्यबळ परत आलेल्या भागांच्या तपासणीकडे वळवायचे असून, त्या तपासणीची थकबाकी किती घटली हेही मोजले जाईल.

तोटा

प्रत्येक खोका स्कॅन करावा लागत असल्याने एक ट्रक उतरवून घेण्याचा वेळ 25 मिनिटांवरून सुरुवातीला सुमारे 35 मिनिटांवर जाईल. या तोट्याची जबाबदारीही गोदाम प्रमुखांकडे राहील आणि प्रत्येक अहवालात तो लाभांच्या शेजारीच मांडला जाईल. सप्टेंबर 2026 नंतरही हा वेळ 30 मिनिटांपेक्षा अधिक राहिल्यास, माल उतरवण्याच्या कामाची फेरमांडणी प्रायोजकांपुढे ठेवावी.

जबाबदारी आणि तिचे हस्तांतरण

लाभाची जबाबदारी पदाला जोडलेली आहे, तथापि त्या पदावरील अधिकाऱ्याने ती स्वतःच्या सहीने स्वीकारली पाहिजे. प्रकल्पसंघातील कोणाकडेही ती दिलेली नाही, कारण रोजच्या कामाची पद्धत बदलण्याचा अधिकार संघाकडे कधीच नव्हता. अधिकारी बदलल्यास 15 दिवसांत लाभाची सद्यस्थिती लेखी सोपवली जाईल आणि नव्या अधिकाऱ्याची सही घेतली जाईल. तोपर्यंत ती जबाबदारी थेट प्रायोजकांची असेल. लाभांची उद्दिष्टे दोन्ही प्रमुखांच्या वार्षिक कामगिरी उद्दिष्टांत समाविष्ट केली जातील.

मोजमाप

ज्याच्याकडे लाभाची जबाबदारी आहे त्यानेच तो मोजू नये, यासाठी आकडे वित्त विभागाचा विश्लेषण कक्ष काढेल आणि त्यासाठी लागणारे वर्षाचे 12 मनुष्यदिवस त्या विभागाच्या अंदाजपत्रकात धरले जातील. संघ विसर्जित होण्यापूर्वी कक्षाने फेब्रुवारी 2026 चा अहवाल संघाच्या मदतीविना स्वतः तयार करून दाखवायचा आहे. तो जमला नाही, तर अहवालपद्धतीचे हस्तांतरण अपूर्ण समजून प्रकल्प बंद करण्याच्या दाखल्यावर प्रायोजक सही करणार नाहीत.

आढावे सप्टेंबर 2026, मार्च 2027 आणि मार्च 2028 मध्ये होतील. एखादा लाभ उद्दिष्टापेक्षा एक पंचमांशाहून अधिक मागे असेल, तर संबंधित प्रमुखांनी 30 दिवसांत कारण आणि उपाय सादर करावेत. उद्दिष्ट बदलण्याचा अधिकार फक्त प्रायोजकांना असून, मूळ आकडा अहवालातून काढला जाणार नाही. तातडीच्या खरेदीत सिद्ध झालेली घट पुढील वर्षाच्या खरेदी अंदाजपत्रकातून वजा केली जाईल. मार्च 2028 च्या आढाव्यानंतर अचूकतेची मोजणी गोदामांच्या नेहमीच्या मासिक अहवालात वर्ग होईल आणि हा आराखडा बंद होईल.